कार्ड-पेनड्राईव्हवर फाईल दिसत नाही, नाव घेत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात काउंटरवर जे प्रश्न रोज येतात, तेच इथे उतरवलेत. गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे पेनड्राईव्ह येतात, लग्नसराईत स्टुडिओवाल्यांची कार्डं, आणि वर्षभर उद्यमनगरातले मशीनवाले. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बहुतेकांचं मूळ कार्डावरच्या यादीत असतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

कार्डावर फाईल असते म्हणजे नक्की काय असतं?

दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष माल: फोटो, आवाज, व्हिडीओ. दुसरी म्हणजे यादी: फाईलचं नाव काय, आकार किती आणि माल कार्डावर कुठून सुरू होतो. तुम्ही फोल्डर उघडता तेव्हा तुम्हाला यादी दिसते, माल नाही. त्यामुळे "फाईल दिसेना" याचा अर्थ "फाईल गेली" असा लगेच धरू नका. यादीतली ओळ बिघडली, लपवली गेली किंवा समोरच्या मशीनला ती वाचताच आली नाही, तरी पडद्यावर रिकामंच दिसतं.

ही यादी कशी लिहायची याचे ठरलेले प्रकार आहेत. कार्डावर राइट-क्लिक करून Properties उघडलं की File system या शब्दापुढे FAT, FAT32, exFAT किंवा NTFS असं दिसतं. साधारणपणे २ जीबीपर्यंतची जुनी कार्डं FAT असतात, ४ ते ३२ जीबीची FAT32 आणि ६४ जीबीपासून पुढची exFAT. दुकानात कुणी कार्ड ठेवलं की मी आधी हाच शब्द बघतो, बाकीचं नंतर.

"दोन जीबीचं कार्ड हाय, तीनशे एमबी बी भरलं न्हाई, तरी पुढची फाईल घेईना. कार्ड खराब झालं काय?"

नाही, यादी भरली. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण यात लोक चांगली कार्डं फेकून देतात.

FAT प्रकारच्या कार्डावर सगळ्यात बाहेरच्या पातळीची, म्हणजे कोणत्याही फोल्डरमध्ये नसलेल्या फायलींची, यादी ठरावीक लांबीची असते. तिच्यात सहसा ५१२ ओळी असतात आणि प्रत्येक ओळ ३२ बाइटची. ती वाढत नाही. लोकांना वाटतं, ५१२ ओळी म्हणजे ५१२ फायली. पण लांब नाव एका ओळीत मावत नाही. ते १३-१३ अक्षरांच्या तुकड्यांत वेगळ्या ओळींवर लिहिलं जातं, आणि शिवाय एक मूळ ओळ लागतेच.

मंगळवार पेठेतल्या एका मंडळाचं कार्ड असंच आलं होतं. त्यांचा जुना प्लेअर मोठी कार्डं वाचतच नाही, म्हणून २ जीबीचं कार्ड जपून वापरतात. सगळ्या फायलींची नावं याच धर्तीची:

`शाहू जयंती मिरवणूक निवेदन - मंगळवार पेठ.mp3`

आता मोजू. इथे कार्डाच्या दृष्टीने काना, वेलांटी, उकार, अनुस्वार प्रत्येकी एक वेगळं अक्षर असतं. "शाहू" आपण दोन अक्षरं म्हणतो, कार्ड चार मोजतं: श, काना, ह, ऊकार. असं करत शब्दांची ३२, त्यात मधल्या सहा जागा, एक आडवी रेघ आणि `.mp3` ची चार मिळून ४३ होतात. ४३ अक्षरांना तेराचे चार तुकडे लागतात, अधिक एक मूळ ओळ. म्हणजे एका फाईलला पाच ओळी. पुढे "०४५" असा क्रमांक आणि एक मोकळी जागा टाकली तरी ४७ होतात, म्हणजे पाचच ओळी.

५१२ पैकी एक ओळ कार्डाला दिलेल्या नावाची. विंडोज स्वतःहून `System Volume Information` हे फोल्डर करतं, त्याचं नाव २५ अक्षरांचं, म्हणजे त्याच्या तीन ओळी. उरल्या ५०८. त्यांत १०१ फायली बसतात आणि तीन ओळी शिल्लक राहतात. एकशे दोनाव्या फाईलला पाच हव्यात, त्या नाहीत. फाईल साधारण ३ एमबीची धरली तरी तोवर कार्डावर जेमतेम तीनशे एमबी भरलेले असतात. विंडोज त्या वेळी असा निरोप देतं:

```
Error 0x80070052: The directory or file cannot be created.
```

"जागा नाही" असं तो कुठेच म्हणत नाही, म्हणूनच माणूस गोंधळतो.

उपाय मात्र अगदी सोपा: कार्डावर एक फोल्डर करा, समजा `NIVEDAN`, आणि सगळ्या फायली त्यात टाका. फोल्डरच्या आतल्या यादीला ५१२ ची मर्यादा नाही, ती लागेल तशी वाढते. बाहेरची यादी आधीच गच्च असेल तर फोल्डर करायलाही ओळ लागते, म्हणून दोन-चार फायली आधी लॅपटॉपवर हलवा. मंडळाच्या कार्डाचं तेवढ्यावरच काम झालं. फॉरमॅट नाही, नवीन कार्ड नाही.

काही फायली काढून टाकल्या, तरी तोच निरोप येतोय. असं का?

फाईल काढली की तिच्या ओळींवर फक्त खोडल्याची खूण होते. त्या ओळी पुन्हा वापरता येतात, पण लांब नावाच्या सगळ्या ओळी एकापुढे एक सलग असाव्या लागतात. इथे दोन, तिथे तीन अशा सुट्ट्या ओळी मोकळ्या झाल्या तर पाच ओळींचं नाव त्यात बसत नाही. शेंड्याबुडख्याच्या दोन फायली काढण्यापेक्षा सगळं लॅपटॉपवर उतरवून पुन्हा फोल्डरमध्ये भरलेलं बरं.

मराठी नाव दिल्यामुळे हा घोटाळा होतो का? इंग्रजीत दिलं तर?

फॅटच्या यादीत मराठी आणि इंग्रजी अक्षराला जागा सारखीच लागते. फरक इतकाच की काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी नाव दिसतं त्यापेक्षा लांब निघतं. `KUSTI01.MP3` असं आठ अक्षरांत बसणारं नाव मात्र एकाच ओळीत मावतं. बाहेरच्या यादीत पाचशे फायली ठेवायच्याच असतील तर हाच मार्ग.

लिनक्सच्या संगणकावर मराठीला खरंच जास्त जागा लागते. तिथे बहुधा ext4 असतं आणि त्यात नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटची असते. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रांसकट ८५ अक्षरं झाली की संपलं. पेनड्राईव्हवर सुखाने राहिलेली फाईल लिनक्सवर उतरवताना "नाव फार लांब" अशी तक्रार आली तर कारण हेच. बातमीचा अख्खा मथळा उचलून नाव म्हणून चिकटवणाऱ्यांना हे हमखास भोगावं लागतं.

कोणतं नाव कार्ड घेत नाही?

ही नऊ चिन्हं नावात चालत नाहीत:

```
\ / : * ? " < > |
```

आपल्याकडे यातली तीनच सारखी नडतात. तारखेतली तिरकी रेघ (१४/०१/२०२५), वेळेतला विसर्गासारखा दिसणारा कोलन (१०:३०) आणि प्रश्नचिन्ह. विंडोजवर नाव टाइप करतानाच अडवणूक होते, म्हणून तिथे फारसा घोळ होत नाही. लिनक्सवर मात्र कोलन आणि प्रश्नचिन्ह चालतं. तिथे रेकॉर्डिंगला `sabha 10:30.mp3` असं नाव पडतं आणि पेनड्राईव्हवर टाकताना `Invalid argument` म्हणून कॉपी थांबते. फाईल चांगली असते, फक्त नाव बदलून `sabha 10-30.mp3` करा. तारीख `2025-01-14` अशी लिहिली तर दुहेरी फायदा: रेघेची अडचण जाते आणि फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

मराठीतला विसर्ग (ः) बिनधास्त वापरा. तो वेगळं अक्षर आहे, कोलन नव्हे. "दुःख" लिहिताना विसर्गाऐवजी कोलन दाबायची सवय असेल तर मात्र नाव नाकारलं जाणार.

नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा दिली तर विंडोज ती गुपचूप गाळतं: "भाग १." चं "भाग १" होतं. आणि `CON`, `PRN`, `AUX`, `NUL` ही नावं डॉसच्या काळापासून राखीव आहेत. कॉन्ट्रॅक्टच्या फायलींना `con.pdf` नाव देऊ पाहणारे एक वकीलसाहेब यावरून बरेच वैतागले होते.

एकाच फोल्डरमध्ये अगदी एकाच नावाच्या दोन फायली दिसतात. हे कसं शक्य आहे?

डोळ्यांना एक दिसतात, कार्डाला दोन. मराठीत हे "ऱ्य" मध्ये जास्त होतं. "दऱ्याखोऱ्या" मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी नुक्तावाला ऱ वापरला जातो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. म्हणून फोनवरून ठेवलेली आणि लॅपटॉपवरून ठेवलेली `दऱ्याखोऱ्या.mp3` एकमेकींवर चढत नाहीत, शेजारी-शेजारी बसतात. शोधताना एक सापडते, दुसरी नाही. दोन्ही ऐकून बघा, हवी ती ठेवा आणि तिचं नाव एकाच कीबोर्डवरून नव्याने टाइप करा.

इंग्रजी नावांचं उलट असतं. `Kusti.mp3` आणि `kusti.mp3` लिनक्सवर दोन फायली असतात, पेनड्राईव्हवर त्या एकच मानल्या जातात. कॉपी करताना "बदलू का?" असं विचारलं आणि तुम्ही हो म्हटलं की पहिली गेली.

लग्नाचा व्हिडीओ ५ जीबीचा आहे, पेनड्राईव्ह ३२ जीबीचा रिकामा आहे, तरी घेत नाही.

पेनड्राईव्ह FAT32 आहे. त्यावर एक फाईल ४ जीबीला एक बाइट कमी इतकीच मोठी असू शकते. यादीत आकार लिहायला जागाच तेवढी आहे. exFAT मध्ये फॉरमॅट केलात तर व्हिडीओ बसेल, पण आधी पुढचा प्रश्न वाचा.

"लॅपटॉपला सगळं दिसतंय की, पण गाडीच्या टेपला काय दिसंना."

टेपला exFAT वाचता येत नसणार. स्वस्त टेप, स्पीकर आणि जुने टीव्ही बहुतेक FAT32 च ओळखतात. ६४ जीबीचा नवा पेनड्राईव्ह दुकानातून येतानाच exFAT असू शकतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर FAT32 हा पर्यायच मिळत नाही, म्हणून गाण्यांसाठी ३२ जीबीचाच घ्या आणि मोकळे व्हा.

फायली दिसतात पण नावाच्या जागी चौकोन किंवा `~1` असलेलं काहीतरी अगम्य दिसतं, असंही होतं. चौकोन म्हणजे टेपमध्ये देवनागरीचा फाँट नाही. `~1` म्हणजे टेप लांब नावाच्या ओळी वाचतच नाही, फक्त आठ अक्षरांची मूळ ओळ वाचतो. गाणं दोन्ही वेळा वाजतं.

मॅकवरून भरलेल्या पेनड्राईव्हमध्ये प्रत्येक गाण्याबरोबर `._` ने सुरू होणारी छोटी फाईल असते. टेप तीही वाजवायला जातो आणि अडखळतो. त्या काढून टाकल्या तरी गाण्यांना धक्का लागत नाही.

गाणी नावाच्या क्रमाने न वाजता भलत्याच क्रमाने वाजतात.

लॅपटॉप यादी वाचून स्वतः क्रम लावून दाखवतो. साधे प्लेअर हे कष्ट घेत नाहीत. यादीत ज्या क्रमाने ओळी लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. फोल्डर रिकामं करून ०१, ०२, ०३ अशा क्रमाने एकेक फाईल टाका. मिरवणुकीत आरतीनंतर डीजेचं गाणं लागायला नको, एवढ्यासाठी तरी.

कार्डावरच्या फोटोंची नावं लॅपटॉपवर बदलली. आता कॅमेरा ते दाखवतच नाही.

कॅमेरे एक ठरलेली पद्धत पाळतात. `DCIM` फोल्डर, त्यात तीन आकडे आणि पाच अक्षरं अशा नावाचं फोल्डर, आणि त्यात चार अक्षरं व चार आकडे अशा नावाचे फोटो, जसं `IMG_0042.JPG`. `IMG_0042` चं "हळद १" केलंत की कॅमेऱ्याच्या लेखी तो फोटोच नाही. नाव पूर्ववत केलं की बहुधा पुन्हा दिसतो. नावं बदलायची ती लॅपटॉपवर उतरवलेल्या प्रतीची, कार्डावरच्या फायलीला हात लावायचा नाही.

उद्यमनगरातल्या सीएनसीला प्रोग्रॅम दिसत नाही, लॅपटॉपवर तर आहे.

जुन्या कंट्रोलरचं बहुतेक वेळा तीनपैकी एक काहीतरी बिनसलेलं असतं. कार्ड FAT किंवा FAT32 नसतं. किंवा फाईल फोल्डरमध्ये असते आणि कंट्रोलर फक्त बाहेरची पातळी बघतो. किंवा मग नाव. नावात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे शेपूट: नोटपॅडमध्ये लिहून `O1234` नावाने जतन केलं तर खरं नाव `O1234.txt` असतं, आणि विंडोज ते `.txt` लपवून ठेवतं. फोल्डरच्या View मध्ये File name extensions वर खूण करा, म्हणजे खरं काय ते दिसेल. दुसरं, सुरुवातीला इंग्रजी O आहे की शून्य, तेही बघा. तेवढ्यासाठी शिरोलीहून गाडी काढून आलेले ऑपरेटर मी पाहिलेत.

वर सांगितलेली ५१२ ओळींची गोष्ट इथे पुन्हा भेटते, कारण अशा मशीनला छोटी कार्डं लागतात आणि फायली बाहेरच ठेवाव्या लागतात. फोल्डरचा उपाय इथे चालत नाही, म्हणून नावंच आठ अक्षरांत ठेवा.

पेनड्राईव्ह १२ जीबी भरलेला दाखवतो, पण आत एकच शॉर्टकट आहे.

झेरॉक्स सेंटरच्या संगणकावरून आलेली ही जुनी व्याधी. व्हायरसने तुमच्या फायली एका फोल्डरमध्ये कोंबून ते लपवलेलं असतं. शॉर्टकटवर डबल-क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (पेनड्राईव्ह E: आहे असं धरून) हे द्या:

```
dir E:\ /a
attrib -h -s -r E:\*.* /s /d
```

पहिल्या ओळीने लपलेलं सगळं यादीत दिसतं, दुसरीने लपवल्याची खूण निघते. त्यानंतर बिननावाचं वाटणारं एखादं फोल्डर दिसेल. त्याचं नाव म्हणजे न दिसणारी मोकळी जागा असते, सामान सगळं त्यातच असतं. ते लॅपटॉपवर घ्या आणि पेनड्राईव्ह फॉरमॅट करा.

फाईल दिसते, पण आकार ० केबी.

यादीत ओळ लिहिली गेली, माल पोचायच्या आत पेनड्राईव्ह उपसला. लिनक्सवर कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसते तेव्हा बराच माल अजून संगणकाच्या मेमरीतच असू शकतो. Eject करून निरोप येईपर्यंत थांबा. मूळ फाईल असेल तर पुन्हा कॉपी करा. नसेल तर पुढचं उत्तर बघा.

`You need to format the disk` असं विचारतंय. हो म्हणू का?

नको, Cancel करा. आधी कार्ड कुठून आलं ते आठवा. मॅकच्या किंवा लिनक्सच्या स्वतःच्या प्रकारात फॉरमॅट केलेलं, किंवा फोनमध्ये अंतर्गत साठवण म्हणून जोडलेलं कार्ड विंडोजला वाचता येत नाही आणि ते हाच प्रश्न विचारतं. तसं असेल तर कार्ड धडधाकट आहे, ज्या फोनमध्ये किंवा संगणकात होतं त्यातच परत घाला.

कॅमेऱ्याचं कार्ड असेल आणि कालपर्यंत चालत असेल तर यादी बिघडली आहे. त्यावर नवीन काही लिहू नका, फोटोही काढू नका. `chkdsk E: /f` लगेच चालवायचा मोह होतो, पण तो यादी जागच्या जागी बदलतो. म्हणून आधी माल दुसरीकडे उतरवायचा. `PhotoRec` सारखं साधन यादी सोडून थेट माल चाळतं आणि फोटो ओळखून काढतं. मूळ नावं मात्र मिळत नाहीत, कारण ती यादीतच होती. `chkdsk` आधीच चालवून बसला असाल तर कार्डावर `FOUND.000` नावाचं लपलेलं फोल्डर शोधा. त्यातल्या `FILE0000.CHK` ची प्रत काढून तिचं शेपूट `.JPG` करून बघा, बरेचदा फोटो उघडतो.